धागा: अधूनमधून टाकलेल्या पैशावर वर्षाला खरे किती टक्के सुटले? एक्सेलमधलं एक्सआयआरआर

अनघा_पलसीकर_कॉलनी

नमस्कार मंडळी. घरात एका आकड्यावरून वाद चाललाय आणि तो मला नीट सोडवायचा आहे, म्हणून हा धागा.

आम्ही एका इक्विटी म्युच्युअल फंडात जमेल तसे पैसे टाकत गेलो, एसआयपी वगैरे नाही. एप्रिल २०१९ मध्ये ह्यांना बोनस मिळाला, त्यातले दोन लाख टाकले. ऑक्टोबर २०२१ मध्ये आरडी सुटली, तिचा एक लाख टाकला. एप्रिल २०२३ मध्ये लेकीच्या पुण्याच्या हॉस्टेलसाठी पन्नास हजार काढले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये देवासच्या घरातला माझा हिस्सा मिळाला, त्यातले तीन लाख टाकले. सगळ्या तारखा योगायोगाने ११ आहेत. ११ एप्रिल २०२५ ला फंडाची किंमत ८,३६,६०० रुपये होती.

माझे दीर म्हणतात, "वहिनी, सहा लाख टाकले, सहा वर्षं झाली, फायदा २,८६,६००. म्हणजे ४८ टक्के, भागिले सहा, वर्षाला आठ टक्के. एवढी धाकधूक करून आठच मिळायचे तर बँकेत सात घ्या आणि शांत झोपा." ह्यांनाही ते पटलंय आणि सगळं काढून एफडी करायचं चाललंय.

मला ते पटत नाही. तीन लाख तर दीडच वर्षं तिथे होते, त्यांना सहानं कसं भागायचं? शाळेतल्या एका सहकारी बाईंनी एक्सआयआरआर वापरायला सांगितलं, म्हणजे तारखा आणि रकमांवरून वर्षाचा चक्रवाढ दर काढणारं एक्सेलचं सूत्र. मी तारखा एका रांगेत, रकमा दुसऱ्या रांगेत लिहिल्या, सूत्र घातलं, तर `#NUM!` असं येतंय. काय चुकतंय?

रामबागचा_मंदार

अनघाताई, सगळ्या रकमा अधिकच लिहिल्यात का? टाकलेल्या पैशाला वजा चिन्ह लावा. खिशातून गेले ते वजा, खिशात आले ते अधिक. सगळंच अधिक असेल तर एक्सेलला वाटतं हिला नुसते पैसे मिळतच गेलेत, मग दर काढणार कसला?

अनघा_पलसीकर_कॉलनी

हो, सगळ्या अधिकच होत्या! आता वजा लावले. ०.१११ आलं, टक्क्यांत केल्यावर ११.१०. म्हणजे आठ नाही, अकरा! संध्याकाळी दिरांना दाखवते. धन्यवाद मंदार.

एक विचारायचं राहिलं. शेवटची ८,३६,६०० ही रक्कम मी अधिक धरली आहे. पण ते पैसे मी अजून काढलेले नाहीत. चालतं ना?

रामबागचा_मंदार

चालतं. आज सगळं विकलं असतं तर हातात काय आलं असतं, ते शेवटच्या ओळीत आजच्या तारखेसमोर लिहायचं. ती ओळ नसेल तर हिशेब पुराच होत नाही.

सरवटे_स्टँड

माझा थोडा वेगळा विचार आहे. एवढ्या सूत्राबित्राची गरजच नाही. प्रत्येक रक्कम किती वर्षं राहिली ते बघा. दोन लाख सहा वर्षं म्हणजे १२. एक लाख साडेतीन वर्षं म्हणजे ३.५. तीन लाख दीड वर्षं म्हणजे ४.५. काढलेले पन्नास हजार दोन वर्षं बाहेर होते, म्हणून १ वजा. एकूण १९. फायदा २,८६,६०० भागिले १९, म्हणजे लाखामागे वर्षाला १५,०८४ रुपये. दर १५ टक्के झाला. एक्सेल ११ दाखवतंय तर तेच चुकतंय. आमच्या वडिलांची किराण्याची पेढी होती, उधारीचं व्याज ते असंच काढायचे आणि कधी पैशाचा फरक पडला नाही.

मीरा_बडोदा

अरे देवा, एकाच पैशाचे आठ, अकरा आणि पंधरा? 😀 अनघाताई, तुमच्या घरातला वाद आता इथे आला.

मी माझं सांगते. सासऱ्यांनी माझ्या नवऱ्याच्या नावाने एक पॉलिसी घेतली होती. वर्षाला ४०,००० असे १५ वर्षं भरायचे, आणि पहिल्या हप्त्यापासून २० वर्षांनी १२ लाख मिळणार. एजंट घरी बसून म्हणाला होता, "सहा लाखांचे बारा लाख, सरळ दुप्पट." मागच्या वर्षी मी सोळा ओळी लिहिल्या, पंधरा वजा आणि एक अधिक, आणि एक्सआयआरआर काढलं तर सव्वापाच टक्क्यांच्या आसपास आलं. दोनदा तपासलं, तेच. तेव्हापासून "दुप्पट" म्हटलं की मी आधी "किती वर्षांत आणि कुठल्या तारखांना" असं विचारते.

निवृत्त_बँकवाला

सरवटे, तुमच्या वडिलांची रीत चूक नाही, पण ती सरळ व्याजाची रीत आहे. उधारी दोनचार महिन्यांची असते, तिथे व्याजावर व्याज चढत नाही, म्हणून तिथे ती अचूक बसायची. फंडात पहिल्या वर्षीचा फायदा तिथेच राहतो आणि दुसऱ्या वर्षी त्याच्यावरही फायदा होतो. सहा वर्षं असं झालं की सरळ व्याजाचा आकडा फुगतो. १२ टक्के चक्रवाढीने सहा वर्षांत लाखाचे १,९७,००० च्या वर होतात. ९७ ला सहानं भागलं तर १६ येतात. दर तोच १२, फक्त सांगायची पद्धत बदलली.

बँकेचा दरही चक्रवाढीचाच असतो. एफडीचे ७ टक्के तिमाही चक्रवाढीने वर्षाला ७.१९ पडतात. अनघाबाईंना तुलना बँकेशी करायची आहे, तर त्यांना चक्रवाढीचाच आकडा हवा.

पण एक गोष्ट मला खटकते आहे. मी कागदावर करून पाहिलं आणि मला ११.१० येत नाही. १२ येतात.

दोन लाख, सहा वर्षं, १२ टक्के: ३,९४,७६५. एक लाख, साडेतीन वर्षं: १,४८,६८४. तीन लाख, दीड वर्ष: ३,५५,५८९. काढलेले पन्नास हजार राहिले असते तर दोन वर्षांत ६२,७२० झाले असते, ते वजा. बेरीज ८,३६,३१८. बाईंची किंमत ८,३६,६००. २८२ रुपयांचा फरक मी पूर्ण वर्षं आणि अर्धी वर्षं धरली म्हणून आहे. एक्सेल दिवस मोजतं आणि ३६५ ने भागतं, मधे दोन २९ फेब्रुवारी येऊन गेल्या, सहा महिने कधी १८२ तर कधी १८३ दिवसांचे. पण तेवढ्याने ११.१० येणार नाही. जवळजवळ एक टक्का कुठेतरी गळतोय.

अनघा_पलसीकर_कॉलनी

काका, मी आत्ता परत बघितलं. रकमा बरोबर आहेत, तारखा बरोबर आहेत, उत्तर ११.१०. दिरांना फोनवर सांगूनही झालं. आता बारा कसे म्हणू?

रामबागचा_मंदार

मीही घरच्या कॉम्प्युटरवर केलं. मला १२.०० आलं. भिया, हे काय गौडबंगाल आहे?

ग्वाल्हेरचा_समीर

मला तर ॲपवर ४३ टक्के दाखवतंय! महिन्यापूर्वी एक लाख टाकले, ३० दिवसांत १,०३,००० झाले, आणि एक्सआयआरआर ४३.३. अनघाताई, तुमचा फंड बदला आणि माझा घ्या.

आकडेमोड

समीर, थांब. तुला महिन्याला ३ टक्के मिळाले. एक्सआयआरआरला वर्षाचाच दर सांगता येतो, म्हणून ते धरून चालतं की असेच तीन टक्के बाराही महिने मिळत राहतील, आणि ते एकावर एक चढवून ४३ सांगतं. पुढच्या महिन्यात फंड ३ टक्के पडला की हाच आकडा शून्याच्या खाली जाईल. एक वर्ष पूर्ण होईपर्यंत तो बघूच नकोस. नुसतं "एका महिन्यात ३ टक्के" एवढंच म्हण, तेवढंच खरं आहे.

अनघाताई, मी एका सीएच्या ऑफिसात बसतो आणि मार्च-एप्रिलमध्ये असल्या वीसेक शीट माझ्या हातून जातात. तुमचं काय झालंय ते मला वाटतं कळलं, पण खात्री करू. दोन गोष्टी सांगा. लॅपटॉप कुठून आला? आणि तारखा तुम्ही कशा टाइप केल्यात, अगदी अक्षर न् अक्षर लिहा.

अनघा_पलसीकर_कॉलनी

लॅपटॉप भाच्याने अमेरिकेहून आणला, दोन वर्षं झाली. तारखा अशा टाइप केल्या:

```
11/4/2019
11/10/2021
11/4/2023
11/10/2023
11/4/2025
```

आकडेमोड

झालं, हेच आहे.

तुमचं विंडोज अमेरिकेच्या पद्धतीवर आहे. तिथे आधी महिना, मग दिवस. तुम्ही ११ एप्रिल लिहिलंत, त्याने ४ नोव्हेंबर वाचलं. ११ ऑक्टोबर लिहिलंत, त्याने १० नोव्हेंबर वाचलं. आणि पडद्यावर मात्र तुम्ही टाइप केलं तेच दिसतंय, म्हणून तुम्हाला तारखा बरोबर वाटतात. एक्सेलने कुठलीही चूक दाखवली नाही, कारण त्याच्या दृष्टीने पाचही तारखा खऱ्या आहेत.

आता बघा काय बिघडलं. तुमचा एक लाख खरा साडेतीन वर्षं होता, एक्सेलला वाटलं जवळजवळ चार. तीन लाख खरे दीड वर्ष होते, एक्सेलला वाटलं जवळजवळ दोन. तेवढीच वाढ जास्त वेळात झाली असं धरलं गेलं, म्हणून दर घसरून ११.१० झाला.

खात्री करायची तर तारखांची रांग निवडा, कंट्रोल आणि १ दाबा, कस्टममध्ये हे लिहा:

```
dd-mmm-yyyy
```

महिन्याची नावं दिसतील. शेवटची तारीख काय दिसते ते इथे सांगा.

अनघा_पलसीकर_कॉलनी

04-Nov-2025!!

मे महिना चालू आहे आणि माझ्या शीटमध्ये पुढची दिवाळीसुद्धा होऊन गेली. अंगावर काटा आला. मी हाच आकडा घेऊन घरात बोलले.

निवृत्त_बँकवाला

आकडेमोड, शाब्बास. मी दुसरीकडेच शोधत बसलो होतो.

आकडेमोड

काका, तुमचा कागद नसता तर कुणाला संशयच आला नसता. ११.१० हा आकडा दिसायला अगदी बरा आहे. तो ३ किंवा ४० आला असता तर सगळ्यांनी परत पाहिलं असतं.

अनघाताई, आता दुरुस्ती. नुसतं विंडोजचं सेटिंग भारतावर आणून या पाच तारखा सुधारणार नाहीत. एक्सेल आत तारीख नाही, दिवसांचा क्रमांक साठवतं. ११ एप्रिल २०१९ चा क्रमांक ४३५६६, ४ नोव्हेंबर २०१९ चा ४३७७३. तुमच्या शीटमध्ये ४३७७३ बसलाय आणि सेटिंग बदललं तरी तोच राहणार. म्हणून तारखा परत लिहा, आणि महिना अक्षरांत लिहा, म्हणजे कुठल्याही देशाच्या सेटिंगवर गोंधळ होणार नाही:

```
11-Apr-2019   -200000
11-Oct-2021   -100000
11-Apr-2023     50000
11-Oct-2023   -300000
11-Apr-2025    836600
```

आणि सूत्र, तारखा A मध्ये आणि रकमा B मध्ये असतील तर:

```
=XIRR(B2:B6,A2:A6)
```

रकमा आधी, तारखा नंतर. उलट केलं तर उत्तर न येता चूक दाखवतं.

रामबागचा_मंदार

मी मधे एकदा 25/6/2022 अशी तारीख घातली होती मित्राच्या लॅपटॉपवर, तेव्हा थेट `#VALUE!` आलं होतं. तेही हेच का?

आकडेमोड

तेच. २५ वा महिना नसतो, म्हणून एक्सेलने ती तारीख न मानता नुसता मजकूर मानला. मजकूर खान्यात डावीकडे चिकटतो, खरी तारीख उजवीकडे. तू नशीबवान, तुला निदान कळलं. दिवस १२ च्या आत असला की कळत नाही. म्युच्युअल फंडाचं स्टेटमेंट तसंच्या तसं चिकटवलं की अर्ध्या तारखा मजकूर होतात आणि अर्ध्या गुपचूप उलट्या होतात. लोक मजकूर झालेल्या तेवढ्या हाताने दुरुस्त करतात, चूक गेली म्हणून खूश होतात, आणि उलट्या झालेल्या तशाच राहतात. माझ्याकडे येणाऱ्या शीटमध्ये सगळ्यात जास्त हेच असतं.

सरवटे_स्टँड

म्हणजे बारा. मला पंधरा सांगायला नको होतं. पण मग एक शंका आहे. मी कुठेतरी वाचलं की उत्तर तपासायला XNPV नावाचं सूत्र आहे, ते शून्य आलं की दर बरोबर. अनघाताईंनी ते लावलं असतं तर चूक सापडली असती ना?

आकडेमोड

नाही सापडली, आणि हे चांगलं विचारलंत.

```
=XNPV(C2,B2:B6,A2:A6)
```

C2 मध्ये एक्सआयआरआरचं उत्तर असेल तर हे शून्याजवळ येतं. पण ते त्याच चुकीच्या तारखा वाचतं. चुकीच्या तारखांना ११.१० हेच बरोबर उत्तर आहे, त्यामुळे ते शून्यच दाखवणार. एक्सेलने दर शोधताना मधेच हात टेकले का, एवढंच त्यातून कळतं. तारखा खऱ्या आहेत का, ते काकांच्या कागदातूनच कळतं, कारण काकांनी महिने डोक्यात धरले होते.

दर शोधताना ते अंदाजाने सुरू करतं, काही सांगितलं नाही तर १० टक्क्यांपासून, आणि शंभर वेळा प्रयत्न करून जमलं नाही तर `#NUM!` देतं. फार मोठा तोटा असेल तर असं होतं. तेव्हा तिसऱ्या जागी आपण अंदाज द्यायचा, उदाहरणार्थ -0.3.

निमाड_कन्या

माझं वेगळंच. माझ्या जुन्या एक्सेलमध्ये 0.00% येतंय, आणि खान्याचं स्वरूप बदललं की 2.98E-09. रकमा वजा-अधिक आहेत, तारखाही वरच्यासारख्या तपासल्या.

आकडेमोड

पहिल्या ओळीत रक्कम शून्य आहे का? खातं उघडल्याची तारीख आणि समोर ०, असं?

निमाड_कन्या

हो! खातं जानेवारीत उघडलं, पैसे मार्चमध्ये टाकले. ती ओळ काढली आणि ९.४ आलं. दोन दिवस मी डोकं धरून बसले होते.

खंडवा_रोड

मंडळी, माझा प्रश्न जरा वेगळा आहे पण इथेच विचारतो. सुपर कॉरिडॉरकडे २०१४ मध्ये प्लॉट बुक केला. दोन वर्षांत हप्ते दिले, मग रजिस्ट्री, स्टँप, २०१७ मध्ये बाउंड्री वॉल, दरवर्षी टॅक्स. सगळ्या पावत्या आहेत. शेवटच्या ओळीत काय लिहू? दलाल ३६ लाख म्हणतो, शेजारच्याने मागच्या वर्षी ३० ला विकला, आणि कलेक्टर गाइडलाइन तिसराच आकडा सांगते.

निवृत्त_बँकवाला

रजिस्ट्री, स्टँप, भिंत, टॅक्स, सगळं वजा म्हणून त्या-त्या तारखेला लिहा, बहुतेक लोक ते विसरतात आणि प्लॉटचा दर फुगवून सांगतात. शेवटच्या ओळीत मी ३० लिहीन. दलालाचा आकडा विकेपर्यंत आकडाच असतो.

खंडवा_रोड

पण काका, शेजाऱ्याला घाई होती, मुलाला परदेशी पाठवायचं होतं. ३० हा पडेल भाव आहे.

आकडेमोड

दोन्ही लिहून दोनदा काढा. ३० आणि ३६ यांत वीस टक्के फरक आहे, पण दहा-अकरा वर्षांवर पसरला की वार्षिक दरात दोन टक्क्यांच्या आत-बाहेर एवढाच पडतो. दर अमुक ते तमुक, असं म्हणा. मात्र दलाली आणि भांडवली नफ्याचा कर दोन्हींतून वजा करायचा का, यावर मी आणि आमचे साहेब पाच वर्षं भांडतोय. मी करतो, ते करत नाहीत.

मीरा_बडोदा

माझ्या पॉलिसीवर कुणी बोललंच नाही. सव्वापाच बरोबर आहे ना?

निवृत्त_बँकवाला

बरोबर आहे. पण पॉलिसीत जीवनविम्याचंही काही मोल असतं. ४०,००० मधला काही भाग विम्याचा हप्ता समजा आणि बाकीचीच गुंतवणूक धरा, मग दर थोडा वर येईल.

मीरा_बडोदा

काका, तुमचा मान राखून सांगते, मला पटत नाही. विमा किती होता? सहा-सात लाखांचा. तेवढ्या टर्म विम्याला त्या वयात वर्षाला फार थोडे रुपये पडले असते. ते वजा करूनही दर किंचित हलतो. आणि विम्याचे पैसेही माझ्याच घरातून गेले. माझ्या हातात काय आलं, हे मला बघायचं आहे.

निवृत्त_बँकवाला

तुमचं म्हणणं समजतं. मी तरी ते वेगळं काढूनच दाखवीन.

अनघा_पलसीकर_कॉलनी

तारखा परत लिहिल्या. १२.०० आलं. काकांचा कागद मी माझ्या वहीत उतरवून घेतला आणि काल रात्री दिरांसमोर ठेवला. त्यांनी एक-एक ओळ कॅल्क्युलेटरवर केली. दीड वर्षाला १२ टक्क्यांनी ३,५५,५८९ आलं तेव्हा ते गप्प झाले, मग म्हणाले, "म्हणजे मी तीन लाखांना सहा वर्षं बसवून ठेवलं होतं." मला फार बरं वाटलं. एक्सेलवर त्यांचा विश्वास नव्हता, कागदावर बसला.

पण आता त्यांनी नवीन प्रश्न काढलाय. "बारा ठीक, पण फंडवाले जाहिरातीत सहा वर्षांचे पंधरा लिहितात. तुला तीन कमी का? फंड खोटं बोलतो की तू?"

रामबागचा_मंदार

दीर कुठे नोकरीला होते, ऑडिटमध्ये का? 😀 त्यांना इथे घेऊन या ताई.

आकडेमोड

कुणीच खोटं बोलत नाही. फंडाचा आकडा सांगतो की पहिल्या दिवशी टाकलेला एक रुपया हात न लावता सहा वर्षं ठेवला तर किती झाला. तुमचा आकडा सांगतो की तुमचे पैसे तुमच्या तारखांना टाकले आणि काढले, त्यांचं काय झालं. तुमची निम्मी रक्कम ऑक्टोबर २०२३ मध्ये आली, म्हणजे २०२० च्या पडझडीनंतरची उसळी त्या तीन लाखांनी पाहिलीच नाही. म्हणून फंड चांगला की वाईट हे तुमच्या १२ वरून ठरवता येत नाही. तुम्ही काय मिळवलंत तेवढंच त्यावरून ठरतं.

फंडाची परीक्षा करायची तर याच पाच तारखांना हेच पैसे निफ्टीच्या एखाद्या इंडेक्स फंडात टाकले असते असं समजा. त्या-त्या दिवशीच्या एनएव्हीने, म्हणजे एका युनिटच्या भावाने, युनिट काढा, पन्नास हजारांची युनिट वजा करा, ११ एप्रिल २०२५ ला उरलेल्या युनिटची किंमत काढा, आणि शेजारच्या रांगेत एक्सआयआरआर लावा. तारखा त्याच, रकमा त्याच, फक्त शेवटची ओळ वेगळी. मग दोन आकडे शेजारी ठेवले तर तुलना न्यायाची होते.

सरवटे_स्टँड

आणि एफडीचं? ताईंचा मूळ प्रश्न तोच होता, काढायचे की ठेवायचे.

निवृत्त_बँकवाला

बाराचा आकडा झालेल्या सहा वर्षांचा आहे. बँकेचे सात पुढच्या काळाचे आणि लिहून दिलेले आहेत. दिरांचं गणित चुकलं होतं, पण धाकधुकीचं जे म्हणाले ते चुकलेलं नाही. लेकीचं शिक्षण संपायला किती वर्षं आहेत?

अनघा_पलसीकर_कॉलनी

दोन. पुढच्या वर्षी जूनमध्ये दीड लाख लागतील, त्याच्या पुढच्या वर्षी तेवढेच.

निवृत्त_बँकवाला

मग ते तीन लाख मी आत्ताच बँकेत ठेवीन, दर कितीही असो. बाकीच्यांचं घाईने ठरवू नका.

आकडेमोड

मी पूर्ण तीन नाही काढणार, पुढच्या जूनचे दीड काढीन. कराचंही बघा. वर्षाच्या वर ठेवलेल्या इक्विटी फंडाच्या नफ्यावर एका आर्थिक वर्षात सव्वा लाखापर्यंत कर नाही, त्यापुढे साडेबारा टक्के. दोन आर्थिक वर्षांत विभागून काढलं तर सवलत दोनदा मिळते.

अनघा_पलसीकर_कॉलनी

दोघांचंही ह्यांना वाचून दाखवते. रविवारी इंडेक्स फंडाच्या एनएव्ही काढून शेजारची रांग भरणार आहे, दीर स्वतः बसणार म्हणालेत. तारखा महिन्याच्या नावानेच लिहिणार.

खंडवा_रोड

ताई, रविवारी झालं की आकडा इथे टाका. मी माझे दोन्ही काढले, ३० ला ७.९ आणि ३६ ला ९.८. बायको म्हणते ३० लिही, मुलगा म्हणतो ३६. अजून ठरलं नाही.